उष्ण औषधाचे उदरस्नान : एका शस्त्रक्रियेचा इतिहास आणि तिची पात्रता

बेंगळुरूस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एक काम न सांगता लाभले आहे. गावाकडील नातलगांपैकी कोणास दुर्धर आजार जडला की तपासण्यांचे कागद इकडे येतात आणि "तिथे मोठी रुग्णालये आहेत, जरा विचारून पाहा" असा निरोप त्यांच्यासोबत येतो. अलीकडे अशा कागदांत 'हायपेक' हा शब्द वरचेवर आढळतो. पोटातील कर्करोगाच्या गाठी काढून टाकल्यावर पोटाची पोकळी गरम केलेल्या कर्करोगविरोधी औषधाने धुऊन काढण्याची ही पद्धत होय. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा पदवीधर नाही. परंतु या उपचाराचा इतिहास त्याने आस्थेने वाचला आहे. हा उपचार कोणास मिळावा आणि कोणास मिळू नये, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातूनच उलगडते, असे त्याचे मत झाले आहे.

आपल्या उदराच्या आत एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. मराठीत त्यास पर्युदर म्हणतात, डॉक्टर पेरिटोनियम म्हणतात. पोटाच्या भिंतीवरून ते आतड्यांवर, यकृतावर, गर्भाशयावर असे सर्वत्र पसरलेले असते. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, ही करंगळीएवढी पोकळ शेपटी. तिच्यात कधी कधी चिकट श्लेष्म निर्माण करणारी गाठ वाढते. शेपटी फुटली की गाठीतील पेशी श्लेष्मासह उदरात सांडतात, पर्युदरावर ठिकठिकाणी रुजतात आणि तेथे पुन्हा श्लेष्म बनवू लागतात. वर्षानुवर्षे पोट फुगत जाते. रुग्णास वाटते, चरबी वाढली.

१८८४ साली व्हेर्थ या जर्मन वैद्याने या विकारास 'स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी' असे नाव दिले. त्याच्या रुग्णाच्या बीजांडकोशात गाठ होती, म्हणून रोगाचे मूळ तेथेच असावे असा समज रूढ झाला. १९०१ साली फ्रेंकेल याने आंत्रपुच्छाशी त्याचा संबंध दाखविला. तरीही बहुसंख्य रुग्णांत रोगाचे उगमस्थान आंत्रपुच्छच असते, हे १९९० च्या दशकातील सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांनंतरच सर्वमान्य झाले. दरम्यानच्या काळात शल्यविशारद पोट उघडीत, हाती लागेल तेवढा श्लेष्म उपसून काढीत आणि पोट शिवीत. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पोट पुन्हा भरे. दर वेळी आतडी अधिकाधिक चिकटत जात आणि अखेरीस चाकू चालविण्यास जागाच उरत नसे.

ही कोंडी फोडण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल येथे झाला. तेथील शल्यविशारद जॉन स्प्रॅट यांनी औषधमिश्रित द्रव तापवून पोटात फिरविणारे यंत्र सिद्ध केले, ते प्रथम कुत्र्यांवर पारखले आणि नंतर स्यूडोमिक्सोमा झालेल्या एका ३५ वर्षांच्या पुरुषावर वापरले. औषध होते थायोटेपा. १९८० साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यामागील तर्क सोपा होता. शिरेतून दिलेले औषध रक्तावाटे साऱ्या शरीरात फिरते, पण पर्युदरावरील कणांपर्यंत ते फारच थोडे पोहोचते. तेच औषध थेट पोटात ओतले तर रक्तात मुरण्यास त्यास वेळ लागतो आणि तोवर रोगाच्या कणांस त्याची मात्रा कितीतरी पटीने अधिक मिळते. शिवाय ४१ ते ४३ अंश सेल्सिअसची उष्णता कर्कपेशींस स्वतंत्रपणे जाचक ठरते आणि काही औषधांचा प्रभावही वाढविते.

परंतु या तर्कास एक कठोर मर्यादा आहे आणि साऱ्या पात्रतेचे मर्म तिच्यातच दडलेले आहे. पोटात ओतलेले औषध गाठीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरते. तांदळाच्या दाण्याएवढ्या कणाचा ते निकाल लावील. पेरूएवढ्या गाठीचा केवळ पृष्ठभाग भिजवील.

ही मर्यादा ओळखून कार्य करणारे गृहस्थ म्हणजे वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर. औषध जर केवळ पृष्ठभागापुरते पोहोचते, तर औषध ओतण्यापूर्वी डोळ्यांस दिसणारा रोग संपूर्ण काढला पाहिजे, हे त्यांचे सूत्र. १९९५ साली त्यांनी पर्युदर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जेथे अस्तर रोगट असेल तेथे ते सोलायचे. आतड्यांवर पदरासारखे लोंबणारे चरबीचे आवरण, प्लीहा, पित्ताशय, आतड्याचा एखादा भाग, स्त्रियांत गर्भाशय व बीजांडकोश, यांपैकी जे रोगाने व्यापले असेल ते काढायचे. आठ-दहा तास किंवा त्याहूनही अधिक काळ हे काम चालते. त्यानंतर पोटात नळ्या बसवून तापविलेला द्रव यंत्राने खेळविला जातो. आंत्रपुच्छाच्या रोगात बहुधा मायटोमायसिन हे औषध वापरतात आणि साधारण तास-दीड तास हे स्नान चालते. म्हणजे धुणे हा शेवटचा हात. खरे काम चाकूचे.

शुगरबेकर यांच्या परंपरेने दोन मोजपट्ट्या दिल्या. पहिली शस्त्रक्रियेपूर्वीची व तिच्या आरंभीची. उदराचे नऊ चौकोन आणि लहान आतड्याचे चार भाग असे तेरा विभाग पाडायचे. प्रत्येकास शून्य ते तीन गुण द्यायचे : रोग नसल्यास शून्य, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच्या कणांस एक, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींस दोन, त्याहून मोठ्या किंवा एकमेकींस जोडलेल्या गाठींस तीन. कमाल बेरीज ३९. दुसरी मोजपट्टी शस्त्रक्रियेच्या शेवटची : मागे काय उरले? काहीच दिसत नसेल तर शून्य. अडीच मिलिमीटरहून लहान कण उरले असतील तर एक. त्याहून मोठे काही उरले असेल तर उष्ण औषधाचा फारसा उपयोग नाही.

आता या मोजपट्ट्या दोन कल्पित रुग्णांस लावून पाहू. पहिली बावन्न वर्षांची गृहिणी. आंत्रपुच्छाची सौम्य प्रतीची श्लेष्मल गाठ फुटलेली. उदराच्या नऊ चौकोनांपैकी सहांस तीन-तीन आणि तिघांस दोन-दोन गुण, म्हणजे चोवीस. लहान आतडे श्लेष्माने मागे ढकलले गेले आहे, पण त्यावर रोग जवळजवळ नाही. चार भागांपैकी दोघांवर एकेक गुण. एकूण सव्वीस. दुसरा रुग्ण साठीचा पुरुष. आंत्रपुच्छाचाच कर्करोग, पण उग्र प्रतीचा. ओटीपोटात दोन गुण, बाकीचे चौकोन स्वच्छ. मात्र लहान आतड्याच्या चारही भागांवर तीन-तीन. एकूण केवळ चौदा.

सामान्य माणूस म्हणेल की चौदावाला वाचेल आणि सव्वीसवाली हातची गेली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्या बाईंचा रोग अस्तरावर आहे आणि अस्तर सोलता येते. प्लीहा, गर्भाशय, मोठ्या आतड्याचा उजवा भाग गमावूनही माणूस जगतो. सौम्य प्रतीच्या रोगात केवळ बेरीज मोठी म्हणून कोणी माघार घेत नाही. त्या गृहस्थांच्या बाबतीत मात्र सारे लहान आतडे काढल्याखेरीज रोग निघणार नाही, आणि लहान आतड्यावाचून अन्न पचत नाही. म्हणून ते या शस्त्रक्रियेस पात्र नाहीत. त्यांस शिरेवाटे औषधोपचार द्यावा, काही महिन्यांनी पुन्हा पाहावे, हाच प्रामाणिक सल्ला. यकृतात अनेक गाठी असणे, रोग उदराबाहेर फुप्फुसांपर्यंत गेलेला असणे, मूत्रपिंडे किंवा हृदय दुर्बल असणे, रुग्ण अंथरुणास खिळलेला असणे, ही अपात्रतेची इतर कारणे होत. वय हे एकटे कारण नव्हे. सी. टी. स्कॅन लहान आतड्यावरील बारीक कण पुष्कळदा दाखवीत नाही, म्हणून अनेक शल्यविशारद आधी दुर्बिणीने पोटात डोकावून पाहतात.

फळ काय मिळते? २०१२ साली सोळा केंद्रांतील २,२९८ स्यूडोमिक्सोमा रुग्णांचा एकत्रित अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील निम्मे रुग्ण सोळा वर्षांहून अधिक जगले. उपचारामुळे दगावलेल्यांचे प्रमाण शेकडा दोन, आणि गंभीर गुंतागुंत सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत. अर्थात हे सारे निवडलेले रुग्ण होते, हे विसरू नये. त्याच कसोटीवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे चित्र वेगळे दिसते. तेथे बेरीज वीसच्या पुढे गेली की सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. २००३ साली नेदरलँड्समधील १०५ रुग्णांच्या चाचणीत सरासरी मानाने आयुष्य सुमारे साडेबारा महिन्यांवरून बावीस महिन्यांवर गेले, आणि जगभर या यंत्राचा बोलबाला झाला. पण त्या चाचणीत एका गटास शस्त्रक्रिया व उष्ण औषध दोन्ही मिळाली होती. श्रेय कोणाचे, हे कळेना. ते ठरविण्यासाठी फ्रान्समध्ये २६५ रुग्णांवर चाचणी झाली. सर्वांची शस्त्रक्रिया केली. निम्म्यांस उष्ण ऑक्झालिप्लाटिनचे अर्ध्या तासाचे स्नान दिले, निम्म्यांस दिले नाही. २०२१ साली तपशीलवार प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : आयुष्य ४१.७ महिने आणि ४१.२ महिने, म्हणजे जवळजवळ सारखेच. उलट, दोन महिन्यांपर्यंतची गंभीर गुंतागुंत स्नान दिलेल्यांत अधिक. चाकूचे श्रेय यंत्रास दिले जात होते, हे त्यातून उघड झाले. आंत्रपुच्छाच्या श्लेष्मल रोगाची अशी चाचणी मात्र झालेली नाही. तेथे आधार आहे तो दीर्घ अनुभवाचा.

बेंगळुरूचा या इतिहासातील वाटा लहान असला तरी नोंदण्याजोगा आहे. येथील मणिपाल रुग्णालयातील डॉ. एस. पी. सोमशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या उपचाराचा आपल्या संस्थेतील अनुभव 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी देशभरातील अशा रुग्णांची सामाईक नोंदवही ठेवण्यासही आरंभ झाला. आता अनेक मोठ्या शहरांत हे यंत्र आहे. यंत्र विकत मिळते. आतडी न फाडता अस्तर सोलणारा हात आणि नंतरचे दहा-बारा दिवस डोळ्यांत तेल घालून पाहणारा अतिदक्षता विभाग विकत मिळत नाही. या दिवसांत आतड्याच्या जोडातून गळती होऊ शकते : ताप चढतो, नाडी जलद होते, पोटातील नळीतून येणाऱ्या द्रवाचा रंग पालटतो. औषधामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. प्लीहा काढायची शक्यता असल्यास काही लसी आधीच घ्याव्या लागतात.

तेव्हा गावाहून कागद आले तर यंत्राची चौकशी मागाहून करावी. आधी चार प्रश्न विचारावेत : रोग कोणत्या प्रतीचा आहे आणि त्याची ऊती अनुभवी तज्ज्ञाने पुन्हा तपासली आहे काय? बेरीज किती? लहान आतडे मोकळे आहे काय? आणि सारा दिसणारा रोग काढता येईल असे शल्यविशारदास वाटते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर लाखो रुपये जमविण्यासाठी शेत विकू पाहणाऱ्या नातलगास ते स्पष्ट सांगणे हेही आपल्यासारख्यांचे कर्तव्यच आहे.