निर्मळची समाधी कोणत्या शंकराचार्यांची?

श्रोतेहो, कार्तिक वद्य एकादशीला आपले वारकरी आळंदीला असतात. त्याच दिवशी वसईजवळ निर्मळलाही यात्रा भरते. आपल्या कल्याण-डोंबिवलीची माणसं दिव्याहून वसईची गाडी धरून जातात, तिथल्या शंकराचार्यांच्या समाधीपुढे माथा टेकवतात. मागे कीर्तन संपल्यावर एका आजींनी विचारलं, "बुवा, आचार्यांची समाधी तर केदारनाथला ना? मग ही कुणाची?"

प्रश्न रास्त आहे, बरं का! निर्मळची समाधी आद्य शंकराचार्यांची नव्हे, त्यांच्या गादीवर पुढे बसलेल्या एका आचार्यांची. मग एका माणसाचं नाव गादीला कसं लागलं? त्यासाठी आठव्या शतकात जाऊ.

त्या काळी मीमांसकांचा दबदबा मोठा. मंडनमिश्र त्यातले धुरंधर. कथा अशी, की आचार्य त्यांच्या दारी वादाला गेले. पैज ठरली: मंडन हरले तर संन्यास घ्यायचा, आचार्य हरले तर संसार मांडायचा. पंच कोण? मंडनांची पत्नी, उभयभारती!

मंडनांचा पक्ष असा: वेद सांगतो ते "कर्म कर". नुसत्या ज्ञानाचं वाक्य काय कामाचं? आचार्य म्हणाले, कर्मानं जे मिळतं ते कधीतरी संपतं. मोक्ष असा मिळवायचा नाही, तो आहेच, फक्त ओळखायचा. दहा जण नदी उतरले, प्रत्येकानं स्वतःला सोडून नऊच मोजले आणि रडू लागले. कुणी म्हणालं, "अरे, दहावा तूच!" आता सांगा महाराज, तिथे कोणतं कर्म उरलं? हा दहाव्याचा दृष्टान्त सुरेश्वराचार्यांनी आपल्या 'नैष्कर्म्यसिद्धी'त घेतला आहे.

आणि हे सुरेश्वर म्हणजेच हरून संन्यासी झालेले मंडन, असं परंपरा मानते. त्यांनाच शृंगेरीच्या पीठावर बसवलं. पाहा, कालचा प्रतिपक्षी आज गादीचा धनी! पूर्वेला पुरी, पश्चिमेला द्वारका, उत्तरेला ज्योतिर्मठ, दक्षिणेला शृंगेरी, आणि दशनामी संन्यासी, अशी घडी परंपरा आचार्यांच्या नावे सांगते.

पण कथा आणि इतिहास यांत गल्लत नको. हे दिग्विजयग्रंथ आचार्यांनंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. मंडनांची 'ब्रह्मसिद्धी' आणि सुरेश्वरांचे ग्रंथ यांची मतं काही ठिकाणी जुळत नाहीत, म्हणून पुष्कळ अभ्यासक ते दोघे वेगळे मानतात. शृंगेरीला विजयनगरच्या हरिहर राजानं आणि त्याच्या भावांनी दान दिल्याचा शिलालेख आहे १३४६ सालचा. म्हणजे मठांचं वैभव आपल्याला लेखांत दिसतं ते आचार्यांनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी.

मग आचार्यांचं काय टिकलं? भाष्यं टिकली, आणि ती शिकवणारी गुरुशिष्यांची साखळी टिकली. गादीवर बसणारा प्रत्येक जण शंकराचार्य झाला. आजीबाई, निर्मळला आपण माथा टेकवतो तो त्या साखळीच्या एका कडीपुढे.