वजावटीचा हक्क, बँकेचा
ग्राहकाची जमा शिल्लक त्याच्याच थकीत कर्जाकडे वळती करण्याचा बँकेचा हक्क. यालाच ‘सेट-ऑफ’ म्हणतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ मधील धारणाधिकार बँकेकडे आलेल्या ग्राहकाच्या मालमत्तेवर चालतो. खात्यातली शिल्लक मात्र बँकेचेच ग्राहकाला देणे असते, म्हणून तिथे धारणाधिकार नव्हे, वजावट लागू होते.

समजा, रामटेकच्या एका धान उत्पादकाच्या बचत खात्यात ४०,००० रुपये आहेत आणि पीककर्जाचे २५,००० थकले आहेत. बँक तेवढेच वळते करू शकते. मुदत न आलेल्या हप्त्यासाठी नाही. पत्नीसोबतचे संयुक्त खाते, तसा करार नसल्यास, या एकट्याच्या कर्जापोटी वापरता येत नाही. दोन्हीकडे धनी तोच आणि त्याच नात्याने हवा. अतिवृष्टीच्या मदतीतून कर्जवसुली करू नये, असे राज्य शासन मदतीच्या आदेशांतच बजावते. ही अट शेतकऱ्याने बँकेला जरूर दाखवावी.