संगणकीय यादीतील मराठी नावांचा अनुक्रम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोबाइलमधील एखाद्या उपयोजनात मराठी नावांची यादी उघडली असता 'क्षितिजा' हे नाव 'ख'च्या आधी आणि 'ज्ञानेश्वर' हे नाव 'झ'च्या आधी आढळते. मराठी वर्णमालेत मात्र 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ असा क्रम शिकविला जातो. ही वरवर किरकोळ वाटणारी विसंगती संगणकीय लिपिसंकेतांच्या इतिहासातून निर्माण झाली आहे. प्रस्तुत लेखात तिच्या कारणांचा शोध घेतला आहे.

संकेततक्त्याची जडणघडण :
भारतीय लिपींसाठीचा 'इस्की' हा संकेत १९९१ मध्ये आय.एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींना एकच तक्ता लागू व्हावा, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे उच्चाराने जवळची अक्षरे शेजारी बसविली गेली आणि 'ळ'ला 'ल'नंतर जागा मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीसाठी इस्कीच्या १९८८ च्या मांडणीचा आधार घेतला. परिणामी 'ल'चा संकेत U+0932, 'ळ'चा U+0933 आणि 'ह'चा U+0939 असा ठरला.

'क्ष' आणि 'ज्ञ' यांना मात्र स्वतंत्र संकेतच नाही. 'क्ष' हे अक्षर क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन संकेतांनी साठविले जाते. 'ज्ञ' हे ज, हलन्त चिन्ह आणि ञ यांनी. हलन्ताचा संकेत U+094D हा सर्व व्यंजनांच्या व नेहमीच्या काना-मात्रांच्या संकेतांनंतर येतो. म्हणून केवळ संकेतांकांची तुलना केल्यास 'क'ची सर्व जोडाक्षरे 'कौ'नंतर व 'ख'पूर्वी येतात. हिंदी शब्दकोशांत क्ष हा 'क'खालीच दिला जातो. त्यामुळे हिंदी वाचकाला या क्रमात फारसे काही खटकत नाही. मराठी वाचकाला मात्र ते नाव सापडत नाही.

एक उदाहरण :
पुढील नऊ नावे निव्वळ संकेतांकांनुसार लावली असता अशी येतात : काळूराम, काशीनाथ, कौस्तुभ, क्षितिजा, खंडेराव, ज्ञानेश्वर, ज्योती, हेमंत, ॲनी. मराठी क्रम असा हवा : ॲनी, काशीनाथ, काळूराम, कौस्तुभ, खंडेराव, ज्योती, हेमंत, क्षितिजा, ज्ञानेश्वर.

यातील 'ॲनी'चे स्थान विशेष लक्षणीय आहे. मराठीस आवश्यक असलेले 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर स्वरांच्या ओळीत जागा उरली नव्हती. त्यामुळे त्याला U+0972 हा 'ह'च्याही पुढचा संकेत मिळाला. तत्पूर्वी हेच अक्षर 'अ'ला चंद्र जोडून लिहिले जात असे व आजही काही ठिकाणी तसे लिहिले जाते. दोन्ही रूपे पडद्यावर बहुधा सारखीच दिसतात, परंतु युनिकोड त्यांना समान मानत नाही. साहजिकच एकाच नावाच्या दोन व्यक्ती यादीच्या दोन टोकांना जातात.

उपाय व मर्यादा :
संकेतांक हे अक्षराची ओळख पटविण्यासाठी असतात. क्रम ठरविणे हे वेगळे काम आहे. युनिकोडने त्यासाठी स्वतंत्र अनुक्रमपद्धती दिली. मात्र तिचा मूळ तक्ता सर्व भाषांना समाईक असल्याने मराठीचा क्रम त्यातून आपोआप मिळत नाही. २००४ पासून युनिकोड संघटनेकडे असलेल्या 'सीएलडीआर' या भाषाविषयक माहितीसंग्रहात मराठीसाठी वेगळे नियम आहेत व त्यांत ळ, क्ष, ज्ञ हे 'ह'नंतर ठेवले आहेत. उपयोजनात भाषेचा निर्देश केल्यासच ते लागू होतात :

```
names.sort((a, b) => a.localeCompare(b, "mr"));
```

येथे "mr" हा मराठीचा निर्देश होय. तो वगळून केवळ `names.sort()` असे लिहिल्यास तुलना पुन्हा संकेतांकांचीच होते. एसक्यूलाइट या डेटाबेसची मूळ तुलनाही बाइटनिहाय असते. यादी एका नियमाने लावून शोध दुसऱ्या नियमाने घेतल्यास दोष अधिक गंभीर होतो; कारण शोधाची प्रक्रिया चुकीच्या अर्ध्या भागात जाते आणि यादीत असलेले नावही 'आढळले नाही' असे उत्तर मिळते.

समारोप :
महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचा क्रम अधिकृत झालेला आहे. संगणकीय नियमही उपलब्ध आहेत. त्यामुळे उरतो तो त्यांच्या वापराचा प्रश्न. 'काळूराम', 'काशीनाथ' आणि 'क्षितिजा' ही तीन नावे यादीत घालून पाहिल्यास त्याची परीक्षा लगेच होते. हजेरीपटाच्या अखेरीस क्षितिजाचे नाव शोधणाऱ्या प्राध्यापकास ते तेथे न दिसल्यास तिचा प्रवेशच झाला नाही असे वाटू शकते. प्रत्यक्षात तिचे नाव 'ख'च्या आधी नोंदलेले असते.