इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे का असतात? पाण्याने घालून दिलेली व्होल्टेजची मर्यादा

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि याच दिवसांत घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी जास्त पाणी मागू लागते. बॅटरीच्या झाकणावरचे फ्लोट पटापट खाली जातात. उन्हाने पाण्याची वाफ होते, असं बहुतेकांना वाटतं. वाफेने थोडं पाणी जातंच, पण बरंचसं पाणी विजेने फुटून, वायू होऊन उडून जातं.

पाण्याचं हे फुटणं एवढ्यावरच थांबत नाही. बॅटरीच्या एका कप्प्यातून, म्हणजे सेलमधून, जास्तीत जास्त किती व्होल्ट मिळू शकतात हेही त्यावरच ठरतं. म्हणूनच १२ व्होल्टच्या बॅटरीत एक मोठा सेल नसतो, २-२ व्होल्टचे सहा सेल ओळीने जोडलेले असतात. रेल्वेच्या अनेक डब्यांत दिवे-पंख्यांसाठी ११० व्होल्टची बॅटरी असते. तिच्यासाठी असे सुमारे ५५ सेल लागतात.

पाणी किती व्होल्टला फुटतं?

बॅटरीच्या आत दोन प्लेटा असतात आणि त्यांच्यामध्ये इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारं द्रावण असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हे द्रावण म्हणजे पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक अॅसिड. व्होल्टेज म्हणजे या दोन प्लेटांमधली इलेक्ट्रॉनची ओढाताण. निगेटिव्ह प्लेट इलेक्ट्रॉन द्यायला बघते, पॉझिटिव्ह प्लेट ते ओढायला बघते.

अडचण अशी की ही ओढाताण मधल्या पाण्यालाही सोसावी लागते. निगेटिव्ह प्लेटचा जोर फार वाढला तर ती पाण्यालाच इलेक्ट्रॉन देते आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. पॉझिटिव्ह प्लेटचा जोर फार वाढला तर ती पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढते आणि ऑक्सिजन निघतो. या दोन सीमांमधलं अंतर सामान्य तापमानाला १.२३ व्होल्ट आहे. पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यावरूनच हा आकडा निघतो. बॅटरी कोणत्या कंपनीची आहे, यावर तो अवलंबून नाही.

अॅसिडऐवजी अल्कली वापरली तर काम होईल का? नाही. अॅसिड कमी-जास्त केलं की दोन्ही सीमा सोबतच सरकतात. सरकती खिडकी डावीकडे ढकला किंवा उजवीकडे, तिची रुंदी तेवढीच राहते, तसंच हे आहे.

मग शिशाचा सेल २ व्होल्ट कसा देतो?

हिशोबाने पाण्याची बॅटरी १.२३ व्होल्टलाच थांबायला हवी होती. रिचार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात, ते या मर्यादेत बसतात. घड्याळातला पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो, म्हणजे थोडा बाहेर. शिशाचा सेल तर सरळ २ व्होल्ट देतो. त्याच्या दोन्ही प्लेटा सीमेबाहेर उभ्या असतात: निगेटिव्ह साधारण ०.३५ व्होल्टने आणि पॉझिटिव्ह साधारण ०.४५ व्होल्टने.

तरीही पाणी भराभर फुटत नाही, कारण फुटण्याची परवानगी असणं वेगळं आणि वेगाने फुटणं वेगळं. हायड्रोजनचा बुडबुडा तयार व्हायला हायड्रोजनचे अणू आधी प्लेटच्या पृष्ठभागावर चिकटावे लागतात, मग दोन-दोन जोडीने सुटावे लागतात. प्लॅटिनमवर हे काम झटपट होतं. शुद्ध शिशावर हे अणू नीट टिकतच नाहीत, त्यामुळे काम अतिशय सावकाश चालतं. ते जोरात व्हायला सीमेच्या वर आणखी बराच व्होल्टेज द्यावा लागतो. पॉझिटिव्ह प्लेटवर ऑक्सिजन निघण्याचंही असंच आहे.

थोडक्यात, शिशाची बॅटरी नियम मोडत नाही, ती संथपणाचा फायदा घेते. या फायद्यालाही शेवट आहे. चार्जिंगच्या वेळी एका सेलवर साधारण २.४ व्होल्ट आले, म्हणजे पूर्ण बॅटरीवर १४.४ व्होल्ट, की बुडबुडे जोरात सुरू होतात. बॅटरी भरत आलेली असताना कान लावला तर ऐकू येणारा सळसळ आवाज तोच.

खान्देशच्या उन्हात नेमकं काय बदलतं?

तापमान वाढलं की पाणी फुटण्याचा संथपणा कमी होतो, म्हणून बुडबुडे कमी व्होल्टेजला सुरू होतात. चार्जर बनवणारे यासाठी प्रत्येक अंशामागे एका सेलला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करतात.

४ मिलिव्होल्ट धरून हिशोब करू. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असेल आणि बॅटरी ४५ अंशांवर असेल, तर फरक २० अंशांचा. २० गुणिले ४ गुणिले सहा सेल म्हणजे ४८० मिलिव्होल्ट, जवळपास अर्धा व्होल्ट. म्हणजे उन्हाळ्यात चार्जरने १३.९ व्होल्टच्या आसपास थांबायला हवं. ज्या इन्व्हर्टरला तापमान कळत नाही तो १४.४ देतच राहतो, आणि जास्तीची वीज साठत नाही, पाणी फोडते.

हे पाणी किती? भरलेल्या बॅटरीत गेलेल्या प्रत्येक १ अँपिअर-तासामागे एका सेलमधलं सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी फुटतं. समजा रोज अर्धा अँपिअर करंट आठ तास असा वाया गेला. दिवसाला ४ आणि महिन्याला १२० अँपिअर-तास झाले. एका सेलमधून ४० ग्रॅम, सहा सेलमधून सुमारे २४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाव लिटर पाणी गेलं.

याच हिशोबात दिवसाला सुमारे ११ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. १००० लिटरच्या पूर्ण बंद कपाटात त्यासाठी ४० लिटर पुरतात. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी बंद कपाटात ठेवत नाहीत आणि चार्जिंग चालू असताना तिच्याजवळ काडी पेटवत नाहीत.

आरओचं पाणी का चालत नाही?

शुद्ध शिशाचा संथपणा हीच या बॅटरीची ढाल आहे, आणि ती अशुद्धीने फुटते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आरओच्या पाण्यातही थोडे उरतात. त्यातलं लोह दोन प्लेटांमध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करतं आणि बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते. क्लोराइड शिशाची जाळी खातं. पाणी उडून जातं पण क्षार मागेच राहतात, त्यामुळे दर भरण्याला त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं. अॅसिडही वरून टाकायचं नाही, कारण उडालंय ते फक्त पाणी, अॅसिड आतच आहे.

जुनी बॅटरी जास्त पाणी पिते, तेही याच कारणाने. पॉझिटिव्ह प्लेटच्या जाळीला मजबुती यावी म्हणून शिशात थोडा अँटिमनी मिसळलेला असतो. वर्षानुवर्षं जाळी झिजते, अँटिमनी द्रावणातून निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतो आणि तिथे हायड्रोजन निघणं सोपं होतं. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरतात, त्यामुळे पाणी फार कमी जातं.

ओळखायचं कसं? सहाही सेलमधलं पाणी सारखंच लवकर उतरत असेल तर संशय चार्जरच्या व्होल्टेजवर किंवा उष्णतेवर घ्या. एकाच सेलचं पाणी वेगळं वागत असेल, किंवा पूर्ण चार्जच्या वेळी पाच सेलमध्ये बुडबुडे आणि एकात शांतता असेल, तर तो सेल खराब होतोय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग लगेच बंद करा, बॅटरी जास्त तापलेली असते.

मोबाइलच्या बॅटरीत ३.७ व्होल्ट कसे?

लिथियम-आयन सेलमध्ये पाणीच नसतं. त्याचं द्रावण कार्बनी द्रवांचं असतं, ते जास्त ओढाताण सोसतं. तरी निगेटिव्ह बाजूला तेही फुटतं. फरक एवढाच की पहिल्या काही चार्जिंगमध्ये फुटून तयार झालेला पदार्थ प्लेटवर पातळ थर होऊन बसतो आणि पुढचं फुटणं अडवतो. पाणी फुटून वायू होतात, ते उडून जातात, मागे असा थर उरत नाही. पाण्याची खरी कमजोरी ही आहे. लिथियम सेलची किंमत मात्र वेगळी मोजावी लागते: ते द्रव पेट घेतात, पाणी पेट घेत नाही.

पाण्याची खिडकी रुंद करता येते का?

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले चुनशेंग वांग आणि तिथल्या लष्करी प्रयोगशाळेतले कांग शू यांच्या गटाने एक वाट दाखवली. त्यांनी पाण्यात लिथियमचं एक क्षार इतकं विरघळवलं की १ किलो पाण्याला सुमारे ६ किलो क्षार झालं. मग मोकळं पाणी जवळपास उरतच नाही, प्रत्येक रेणू लिथियमने धरून ठेवलेला असतो. शिवाय क्षार स्वतः फुटून निगेटिव्ह प्लेटवर थर तयार करतं, लिथियम-आयनमध्ये होतो तसाच. खिडकी १.२३ वरून सुमारे ३ व्होल्टपर्यंत गेली आणि त्यांनी २.३ व्होल्टचा सेल चालवून दाखवला.

पण एवढं क्षार खूप महाग पडतं. सेलची ऊर्जा म्हणजे व्होल्टेज गुणिले अँपिअर-तास, त्यामुळे व्होल्टेज कमी असलेल्या सेलला तेवढ्याच ऊर्जेसाठी जास्त अँपिअर-तास, म्हणजे जास्त माल लागतो. शिशाचं वजन यात आणखी भर घालतं. स्कूटरला हे परवडत नाही, म्हणून तिथे लिथियम येतो. घराच्या कोपऱ्यात एका जागी उभ्या असलेल्या इन्व्हर्टरला वजनाने फरक पडत नाही. तिथे सहा कप्प्यांची पाण्याची बॅटरी चालते, फक्त उन्हाळ्यात तिचे फ्लोट महिन्यातून एकदा तरी बघावे लागतात.