जमीन खचणे (मेक्सिको सिटी)

भूजलाच्या बेसुमार उपशामुळे शहराखालची जमीन वर्षानुवर्षे खाली बसत जाणे. मेक्सिकोची राजधानी हे याचे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकात तिचा जुना मध्यभाग काही ठिकाणी ९ मीटरांहून अधिक खचला.

हे शहर टेश्कोको सरोवराच्या गाळावर उभे आहे. गाळातील चिकणमातीत घन कणांच्या वजनाच्या कित्येक पट पाणी असते आणि मातीचा काही भार हे पाणीच पेलते. खालच्या वाळू-रेतीच्या थरातून विहिरींनी पाणी उपसले, की त्या थरातला दाब उतरतो आणि चिकणमातीतले पाणी झिरपून खाली जाऊ लागते. आता त्या भाराचा अधिक वाटा कणांवर येतो आणि थर दबतो. वाळू पाणी परतल्यावर थोडीफार फुगते. एकदा आवळलेली चिकणमाती मात्र जवळजवळ तशीच राहते. उपसा आणि खचणे यांचा हा संबंध नाबोर कारियो यांनी १९४७ साली मांडला. पुढे मध्यभागातील अनेक विहिरी बंद करून उपसा शहराच्या कडांकडे नेण्यात आला. मध्यभागाचा वेग मंदावला, पण खचणेही कडांकडे सरकले. पूर्वेकडील काही वस्त्यांत ते आजही वर्षाला ४० सेंटिमीटरांच्या घरात आहे.

सगळी जमीन सारखीच खाली गेली असती, तर इमारतींना फारसा धोका नव्हता. खरे नुकसान कमीअधिक खचण्याने होते. महानगरातील कॅथेड्रल जुन्या अ‍ॅझ्टेक बांधकामांवर उभे आहे. त्यांच्या भाराने काही ठिकाणची माती आधीच दबली होती, तर शेजारची दबायची राहिली होती. त्यामुळे इमारतीच्या दोन टोकांत सुमारे २.४ मीटरांचा फरक पडला. १९९०च्या दशकात अभियंत्यांनी उंच राहिलेली बाजू मुद्दाम खाली आणली. पायाखाली ३२ विहिरी खणून त्यांच्या तळातून आडवी छिद्रे पाडली आणि थोडीथोडी माती काढून घेतली. त्याने कल कमी झाला, मात्र खचणे थांबले नाही. उलट, खोल खांबांवर उभ्या इमारती जागीच राहतात आणि भोवतालची जमीन उतरते. १९१०च्या स्वातंत्र्यस्तंभाला म्हणूनच पुढे १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या.

जमिनीतील नळांना मात्र असे जागीच राहता येत नाही. ते जमिनीसोबत वाकतात आणि कठीण जमीन संपून मऊ गाळ सुरू होतो तिथे, किंवा खांबांवरच्या इमारतीत शिरताना, सांध्यापाशी तुटतात. सांडपाण्याचे हाल त्याहून मोठे. १९०० साली सुरू झालेला ‘ग्रान कनाल’ निव्वळ उतारावर वाहत असे. शहर खाली गेले, उतार नाहीसा झाला आणि पाणी पंपांनी उचलावे लागले. पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के गळतीत जाते, असा अंदाज आहे. या गळतीला जुन्या नळांइतकीच खचणारी जमीनही कारण आहे, आणि तूट भरून काढायला पुन्हा विहिरींचाच आधार घेतला जातो.

खचण्याची पहिली खूण बहुधा विहिरीपाशीच दिसते: खोल रोवलेला लोखंडी नळ जागच्या जागी राहतो, जमीन उतरते आणि त्याचे तोंड दरवर्षी थोडे अधिक वर आलेले दिसते.