ज्वालारोधक मोटरच्या फटीची कुळकथा

ज्वालारोधक मोटरचे कवच हवाबंद नसते. कारखान्यात जिला ‘एफएलपी मोटर’ म्हणतात, तिच्या जाड ओतीव लोखंडी सांगाड्यावर झाकण जिथे बसते आणि फिरता दांडा जिथून बाहेर येतो, तिथे बारीक फट राहतेच. मोटर तापून निवली की बाहेरची वाफ याच फटींतून आत ओढली जाते. आत ठिणगी पडून स्फोट होणार, हे गृहीत धरूनच कवच बांधलेले असते. त्याने स्फोटाचा दाब सोसायचा आणि बाहेरच्या वाफेला पेटू द्यायचे नाही.

या फटीचा मूळपुरुष बहुतेक ठिकाणी हम्फ्री डेव्हीचा खाणदिवा सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे. १८१५ साली दिव्याभोवतीच्या जाळीपर्यंत पोचण्याआधी डेव्हीने अरुंद धातूच्या नळ्या तपासल्या होत्या. पुरेशा बारीक नळीतून खाणवायूचा स्फोट पलीकडे जात नाही, हे त्याला आधी दिसले आणि जाळी म्हणजे अगदी आखूड नळ्यांचा समूह, असा त्याचा विचार होता. आजच्या मोटरची फट लांब आणि अरुंद असते, म्हणून ती जाळीपेक्षा नळीचीच वारस ठरते. जर्मनीतील कार्ल बेलिंगने गेल्झेनकिर्खेनच्या चाचणीकेंद्रात मोटरींची आवरणे स्फोटक वायूत तपासली आणि १९०६ मध्ये निष्कर्ष छापले. रुंद, सपाट कडांमधली फट ज्वाला अडवते, हा कित्ता तिथून पक्का झाला.

फट ज्वालेला का अडवते, यावर मात्र दोन मते आहेत. जुने मत असे, की थंड धातू ज्वालेची उष्णता शोषून तिला विझवतो. एवढेच खरे असते, तर प्रोपेनसाठी दोन मिलिमीटरच्या आसपासची फट चालली असती, कारण तितक्या अंतराच्या दोन पत्र्यांमध्ये त्याची ज्वाला विझते. प्रत्यक्षात २५ मिलिमीटर रुंदीच्या कडांवर प्रयोगात सुरक्षित ठरलेली मोठ्यात मोठी फट ०.९२ मिलिमीटर आहे. म्हणजे ज्वाला आतच मेली, तरी बाहेर आग लागू शकते. ब्रिटनमध्ये एच. फिलिप्स यांच्या अभ्यासाने याचा उलगडा झाला. स्फोटाच्या दाबाने जळलेला वायू फटीतून झोतासारखा सुटतो आणि बाहेरच्या गार मिश्रणात मिसळतो. तो पेटवण्याआधी निवला तर धोका टळतो, नाहीतर बाहेर नवी ज्वाला जन्मते. डेव्हीचा दिवा जोराच्या हवेत धोकादायक ठरे, कारण ज्वाला जाळीतून रेटली जाई. तिथेही नुसती छिद्राची मापे पुरेशी नव्हती, वेगही मोजावा लागत होता. झोताचे मत त्यामुळे अधिक पटते, धातूचा गारवा त्याचा सहायक.

अशी मोटर कुठे लागते, याचे उदाहरण हिंगोली जिल्ह्याचे. तिथे सोयाबीन आणि हळद ही मोठी पिके. सोयाबीनचे तेल द्रावकाने काढताना हेक्झेन वापरतात. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने जमिनीलगत साचते, नेमकी मोटरच्या पायाशी. हेक्झेनच्या सुरक्षित फटीचे माप जवळजवळ प्रोपेनइतकेच आहे. मानकात मात्र झाकणाच्या सपाट कडांमधली फट त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात. हेक्झेन सुमारे २२५ अंशांना आपोआप पेटते, म्हणून मोटरचा बाहेरचा पृष्ठभाग २०० अंशांपुढे जाऊ न देणारा ‘टी३’ वर्ग लागतो. भारतात अशा आवरणाला नागपूरच्या ‘पेसो’ची, म्हणजे पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संस्थेची, मान्यता लागते.

बिघाड बहुधा दुरुस्तीत शिरतो. कडेवर गंज चढतो, पेचकसाने खरचटते, एखादा बोल्ट राहून जातो, किंवा पाणी आत जाऊ नये म्हणून कोणी रबराची चकती घालतो. त्या चकतीने फट रुंदावते, शिवाय स्फोटाच्या दाबापुढे ती टिकत नाही. कडेवर रंगही नको. न गोठणारे ग्रीस हलके लावतात आणि फट फीलर गेजने मोजतात.

याच जिल्ह्यातील वसमतच्या हळद-गिरणीत किंवा पिठाच्या कोठारात मात्र ही मोटर लावून भागत नाही. तिथला शत्रू वाफ नसून पूड आहे. ती आत जाऊच नये, म्हणून धूळरोधक, ‘आयपी६एक्स’ दर्जाचे आवरण हवे. फटीच्या मापाला इथे महत्त्व नाही. दुसरा धोका मोटरवर बसलेल्या थराचा. थर उष्णता कोंडतो, मोटर तापत जाते. एखादी पूड ढगाच्या रूपात ३९० अंशांना आणि पाच मिलिमीटर थरात ३०० अंशांना पेटते, असे धरू. ढगासाठी दोन-तृतीयांश, म्हणजे २६० ही मर्यादा. थरासाठी ७५ वजा करून २२५. त्यांतली कमी, म्हणजे २२५, पाळायची. थर पाच मिलिमीटरहून जाड झाला तर हा हिशोबही लागू राहत नाही, म्हणून मोटरच्या पंखांमधली पूड नियमित काढावी लागते. उडवून नव्हे, शोषून. कारण उडवलेली पूड पुन्हा ढगच होते.