अटकेनंतर वकील निवडताना: काय विचारावे, फी कशी ठरवावी, काय गुप्त राहते

समजा, मारामारीच्या गुन्ह्यात रात्री अकराला मुलाला अटक झाली. पोलीस ठाण्याबाहेर एक जण अब्बांना गाठतो आणि म्हणतो, "ओळखीचे वकील आहेत, साठ हजार द्या, उद्या जामीन पक्का." अशा वेळी घाईत पैसे देऊ नका, असे आम्ही सांगू. 'पक्का जामीन' कोणताच वकील देऊ शकत नाही, कारण तो निर्णय कोर्टाचा असतो.

पोलिसांना प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. तोवर वकील ठरला नाही तरी अडत नाही. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करा. पहिला रिमांड त्यांच्यामार्फत निभावून नंतर शांतपणे वकील निवडता येतो.

वकिलाला भेटताना एफआयआरची प्रत न्या आणि तीन गोष्टी विचारा. कोणती कलमे लागली आहेत, आणि ती जामीनपात्र आहेत का? तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार? आणि आरोपपत्राची मुदत 60 दिवसांची की 90? मुदत पहिल्या रिमांडपासून मोजतात. तेवढ्यात आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधीच करावा लागतो. यूएपीए किंवा मकोकात ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते. जो वकील ही तारीख डायरीत लिहून घेतो, तो काम जाणतो.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा: रिमांड, जामीन अर्ज, पुढे खटला. टायपिंग, झेरॉक्स, प्रवास वेगळा लागणार का, तेही विचारा आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. "सुटला तर इतके" असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. "साहेबांना द्यायचे" म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फी नव्हे, लाच आहे, देणाराही अडकतो. वकील बदलायचा झाला तर फी बाकी आहे म्हणून जुन्या वकिलाला केसचे कागद अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले आहे.

आता गुप्ततेचे. पैसे अब्बा देत असले तरी अशील मुलगा आहे. मुलाने वकिलाला सांगितलेले त्याच्या संमतीशिवाय वकील बाहेर सांगू शकत नाही, अगदी अब्बांनाही नाही. काम संपल्यावरही हे बंधन राहते, आणि ते कारकुनालाही लागू आहे. पण "तो चाकू कुठे टाकू?" असे पुढच्या गुन्ह्यासाठी विचारले तर त्याला संरक्षण नाही. मुलाने भावाला किंवा मित्राला सांगितलेलेही गुप्त राहत नाही. त्यांना साक्षीला बोलावता येते. म्हणून मुलगा वकिलाशी बोलत असताना घरच्यांनी बाहेर थांबावे, आणि घटनेबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहू नये.